मोरचुदाचा निळेपणा : सुरीची परीक्षा आणि नळीची परीक्षा

बोर्डो मिश्रण तयार झालें, त्यांत घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी बुडवून पाहिली, आणि सुरीवर तांबूस लेप चढला नाहीं, म्हणजे मिश्रण उत्तम उतरलें, असा समज बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील बागाईतदारांत घट्ट रुजला आहे. द्राक्षावरील केवड्यासाठीं असो वा डाळिंबावरील तेलकट डागासाठीं असो, पंपाची नळी पिंपांत सोडण्यापूर्वीं सुरी बुडवावयाची, हा आतां एक विधीच होऊन बसला आहे. विधि वाईट नाहीं. तो पाळलाच पाहिजे. परंतु सुरी ज्या प्रश्नाचें उत्तर देते तो प्रश्न एक, आणि बागाईतदारास ज्याचें उत्तर हवें असतें तो प्रश्न दुसराच, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं. त्याविषयीं या अंकांत कांहीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सुरी सांगते तें इतकेंच, कीं मिश्रणांत चुन्यानें न बांधलेलें, मोकळें तांबें राहिलेलें नाहीं. मोकळें तांबें असलें तर तें लोखंडावर बसतें व पानांवर पडल्यास पान करपवितें. म्हणून ही परीक्षा उपयोगाची. पण मिश्रणांत एकंदर तांबें किती आहे, याविषयीं सुरी अगदीं मुकी आहे. हिशेबानें पाहिलें तर एक किलो मोरचुदास बांधून टाकण्यास शुद्ध कळीचा चुना सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पुरतो. आपल्याकडे शंभर लिटरांस बहुधा किलोभर चुना घालण्याची चाल आहे. चुना अर्धामुर्धा विरलेला व खड्यांचा निघाला, तरी तो पुरून उरतो. अर्थात् पिंपांत मोरचूद सातशे ग्रॅम गेला काय किंवा तेराशे ग्रॅम गेला काय, सुरी दोन्ही वेळीं तितकीच स्वच्छ निघते. ज्याचें मिश्रण पाऊण हिश्शाहून कमी ताकदीचें आहे तोहि निश्चिंत, व ज्याचें सव्वापटीहून अधिक आहे तोहि निश्चिंत!

हा फरक पूर्वीं कदाचित् चालून जात असेल. फ्रान्सांत बोर्डो येथील मिलार्दे यांनीं १८८५ सालीं या मिश्रणाची जी कृति प्रसिद्ध केली, तींत शंभर लिटर पाण्यांत आठ किलो मोरचूद व तीस लिटर पाण्यांत पंधरा किलो चुना होता. इतक्या जाड लेपांत किलो-अर्धा किलो इकडेतिकडे झालें तरी बिघडण्यासारखें कांहीं नव्हतें. आज आपण शंभर लिटरांस एक किलो, आणि कोंवळ्या फुटीवर अर्धाच किलो वापरतों. ताकद जसजशी उतरवीत आणली तसतसा चुकीस वावहि कमी राहिला, आणि मोजण्याची काळजी मात्र पूर्वीइतकीच राहिली.

ताकद चुकते ती बहुधा तराजूवर नव्हे, तर साठ्याच्या पिंपांत. मोठ्या बागेंत प्रत्येक वेळीं मोरचूद कुटून विरघळवीत बसणें परवडत नाहीं. म्हणून दोनशे लिटरांच्या प्लॅस्टिकच्या पिंपांत वीस किलो मोरचूद विरघळवून ठेवावयाचा, म्हणजे दर लिटरांत शंभर ग्रॅम, व त्यांतून दहा लिटर काढले कीं शंभर लिटर मिश्रणापुरता एक किलो मोरचूद आला, असा सोयीचा हिशेब असतो. हिशेब बरोबर आहे. पण दहा लिटरांत खरोखरच किलोभर मोरचूद येतो कीं नाहीं, हें कोणी पाहिलेलें नसतें. तें पाहण्याचें साधन दोन नळ्या, एक पांढरा कागद आणि आपले स्वतःचे डोळे एवढेंच आहे, असें आमचें म्हणणें आहे.

यांतील तत्त्व जुनें व सोपें आहे. मोरचुदाचें पाणी निळें दिसतें, कारण तें सूर्यप्रकाशांतील तांबडा भाग गिळतें आणि निळा भाग पार होऊं देतें. तांबें जितकें अधिक तितका तांबडा प्रकाश अधिक गिळला जातो. आणि पाण्याचा थर जितका जाड तितकाहि तो अधिक गिळला जातो. या दोन गोष्टी एकमेकींची भरपाई करतात. दुप्पट पातळ पाण्याचा दुप्पट उंच थर घेतला, तर वरून पाहणाऱ्यास दोन्ही थर हुबेहूब सारखेच निळे दिसतात, कारण प्रकाशाच्या वाटेंत आलेलें तांबें दोन्हीकडे सारखेंच असतें. म्हणून ज्याची ताकद ठाऊक आहे असें पाणी एका नळींत ठराविक उंचीपर्यंत ठेवावें, तपासावयाचें पाणी दुसऱ्या नळींत हळूहळू ओतीत जावें, व दोन्ही निळे सारखे दिसूं लागले कीं थांबावें. मग ताकद गुणिले उंची हा आंकडा दोन्ही नळ्यांत एकच असतो. पॅरिस येथील द्युबोस्क या यंत्रकारानें एकोणिसाव्या शतकांत जें रंगमापक यंत्र केलें, तें याच तत्त्वावर चालतें; त्यांत कांचेचे दांडे वरखाली करून थराची उंची बदलण्याची सोय आहे, इतकाच विशेष.

प्रथम प्रमाण-द्रावण करून ठेवावें लागतें. प्रयोगशाळेचें सामान विकणाऱ्या दुकानांतून शुद्ध मोरचूद थोडा आणावा. त्यांतील पारदर्शक निळे खडे निवडून घ्यावे. पांढुरकी भुकटी चढलेले घेऊं नयेत, कारण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेनें अशा खड्यांतील पाणी उडालेलें असतें व तितक्याच वजनांत त्यांत तांबें अधिक भरतें. सराफाच्या तराजूवर बरोबर दहा ग्रॅम तोलून घ्यावे, आणि बॅटरींत घालावयाच्या शुद्ध पाण्यांत विरघळवून एकूण एक लिटर करावें. हें एक टक्क्याचें प्रमाण-द्रावण झालें. त्यांत बॅटरीच्या सौम्य गंधकाम्लाचे चार थेंब टाकून कांचेच्या बाटलींत घट्ट बूच लावून ठेविलें, तर तें अनेक महिने बिघडत नाहीं. बाटलीवर पाण्याची पातळी खुणेनें नोंदावी, म्हणजे पाणी उडाल्यास कळेल; आणि ‘विष’ असा शब्द ठळक लिहावा, कारण रंग मुलांस मोह पाडील असाच असतो.

नळ्या म्हणून शंभर मिलिलिटरांच्या, सपाट बुडाच्या दोन सारख्या मापनळ्या घ्याव्या. दोहोंस बाहेरून काळा कागद गुंडाळावा. बाजूचा प्रकाश आंत शिरला तर सारी तुलना फसते. कागदास एक उभी अरुंद फट ठेवून तेथें सेंटिमीटरांची पट्टी चिकटवावी, व तिचा शून्य नळीच्या आंतील बुडाशीं जुळवावा. उंची वाचून झाली कीं फट झांकून घ्यावी. दोन विटांवर कांचेचा तुकडा आडवा ठेवून त्यावर नळ्या शेजारींशेजारीं उभ्या कराव्या, आणि खालीं पांढरा कागद असा तिरपा ठेवावा कीं दारांतून येणारा उजेड त्यावर पडून नळ्यांतून वर यावा. थेट ऊन नको. सावलींतील दिवसाचा उजेड सर्वांत चांगला. पाहणाऱ्यानें वीतभर उंचीवरून, एक डोळा मिटून, सरळ खालीं पाहावें.

काम सुरू करण्यापूर्वीं नळ्यांचीच परीक्षा करावी. दोहोंत प्रमाण-द्रावण दहा सेंटिमीटरांपर्यंत भरावें व पाहावें; मग त्यांची जागा बदलून पुन्हां पाहावें. दोन्ही वेळीं निळे सारखे दिसले पाहिजेत. डावीकडची नळी नेहमींच गडद दिसली तर दोष उजेडाचा. एक विशिष्ट नळीच गडद दिसली तर दोष तिच्या कांचेचा. ही पांच मिनिटांची तपासणी टाळून पुढें जाण्यांत अर्थ नाहीं.

साठ्याचें पाणी दहा टक्क्यांचें असल्यामुळें तें तसेंच नळींत भरल्यास इतकें गडद दिसतें कीं डोळ्यास फरक ओळखत नाहीं. म्हणून त्यांतील दहा मिलिलिटर सिरिंजनें मोजून घेऊन शुद्ध पाण्यानें शंभर मिलिलिटर करावें. आतां तें सुमारें एक टक्क्याचें, म्हणजे प्रमाण-द्रावणाच्या तोडीचें झालें. पहिल्या नळींत प्रमाण-द्रावण दहा सेंटिमीटर. दुसऱ्या नळींत तपासणीचें पाणी थोडें कमीच ओतून, मग सिरिंजनें थेंबथेंब वाढवीत जावें. रंग जुळला कीं उंची लिहून ठेवावी. मग मुद्दाम थोडें अधिक घालून, काढीत काढीत पुन्हां जुळवावें. असें चारपांच वेळां करून सरासरी घ्यावी. वाढवीत जाणारा डोळा लवकर थांबतो व काढीत जाणाराहि लवकर थांबतो. दोन्हीकडून आल्यानें ही खोड एकमेकींत जिरते. सवयीच्या माणसाची चूक शेंकडा तीन ते पांचांच्या आंत राहते. शंभर लिटरांत पन्नास ग्रॅमांच्या फरकानें बाग बुडत नाहीं, तेव्हां आपल्या कामास एवढें सूक्ष्मपण पुरेसें आहे.

आणखी एक युक्ति अवश्य करावी. दोन्ही नळ्यांच्या तोंडावर तांबडा जिलेटिनचा कागद धरून पाहावें. निळ्या रंगाच्या दोन छटांत लहानसा फरक ओळखणें कठिण असतें. पण तांबड्या कागदांतून पाहिलें असतां निळेपणा नाहींसा होऊन केवळ उजेड आणि काळोख उरतो, व कोणती नळी अधिक काळी हें चटकन् समजतें. निळेपणा मोजावयाचा तर तांबडा उजेड घ्यावा, हें ऐकण्यास विचित्र वाटेल. परंतु पाणी जो रंग गिळतें त्याच रंगांत त्याचें मोजमाप होणार, हें उघड आहे.

आतां प्रत्यक्षांतील एक उदाहरण देतों. इंदापूर तालुक्यांतील एका डाळिंब बागाईतदारानें मोरचुदांत भेसळ असल्याची तक्रार आमच्याकडे आणिली. विश्रांतीच्या काळांत एक टक्क्याचे फवारे देऊनहि बांधाकडील ओळींत तेलकट डाग हटत नव्हते. चुना चांगला, सुरीची परीक्षा प्रत्येक वेळीं केलेली. तेव्हां दुकानदारानेंच फसविलें असा त्यांचा ग्रह झाला होता. त्यांनीं नवें पिंप नुकतेंच भरलें होतें व त्यांतून कांहीं काढलें नव्हतें. मोरचुदाचें पोतें रात्रभर पिंपाच्या तळाशीं सोडून ठेवावयाचें, सकाळीं वरून पाणी घ्यावयाचें, अशी त्यांची रीत होती.

पिंपाच्या वरच्या थरांतील पाणी घेऊन दहापट पातळ केलें, तेव्हां प्रमाण-द्रावणाच्या दहा सेंटिमीटरांशीं तें साडेचौदा सेंटिमीटरांवर जुळलें. दहास साडेचौदानें भागिलें म्हणजे ०·६९. अर्थात् साठा दहा टक्क्यांचा नसून ६·९ टक्क्यांचा. येथपर्यंत बागाईतदारांचा संशय खरा ठरतो असें वाटलें. मग रबराची लांब नळी तळापर्यंत सोडून तेथील पाणी घेतलें. तें साडेसात सेंटिमीटरांवरच जुळलें, म्हणजे १३·३ टक्के. त्यानंतर पोतें वर काढून, त्यांतील उरलेले खडे विरघळवून, लांकडी दांड्यानें पिंप दहा मिनिटें तळापासून ढवळलें, व पुन्हां वरून आणि तळांतून पाणी घेतलें. दोन्हीकडे उंची १०·२ सेंटिमीटर आली. दहास १०·२ नें भागिलें असतां ०·९८. म्हणजे साठा ९·८ टक्के, आणि हा फरक डोळ्याच्या चुकीच्या आंतलाच. मोरचूद चोख होता. दुकानदार निर्दोष होता. दोष पोतें तळाशीं ठेवण्याचा व पिंप न ढवळण्याचा होता.

मोरचुदाचें पाणी साध्या पाण्याहून जड असतें. पोतें तळाशीं असलें म्हणजे विरघळलेला मोरचूद तेथेंच थर धरून बसतो. त्या थरांत मोरचूद भरून गेला कीं उरलेल्या खड्यांचें विरघळणें मंदावतें, व वर पाणी फिकेंच राहतें. पोतें जर पाण्याच्या पृष्ठभागाशीं टांगून ठेविलें, तर विरघळणारें जड पाणी आपोआप खालीं उतरतें, त्याच्या जागीं हलकें पाणी येतें, आणि पिंप बरेंचसें स्वतःच ढवळलें जातें. तरीहि शेवटीं दांडा फिरवावाच. वरील बागेंत पहिल्या पंपांतून शंभर लिटरांस सुमारें सातशे ग्रॅमचें मिश्रण जात होतें व शेवटच्या पंपांतून तेराशे ग्रॅमचें. आणि बांधाकडील ओळींवर प्रत्येक वेळीं पहिलाच पंप जात असे. डाग केवळ यामुळेंच राहिले असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण पावसाचे शिंतोडे, छाटणीची कात्री, रोगट फांद्या अशी दुसरीं अनेक कारणें त्या रोगास आहेत. पण जी बाग एक टक्क्याचा फवारा मिळतो असें समजत होती, तिच्या एका बाजूस तो मिळत नव्हता, एवढें सिद्ध झालें. आणि सुरीनें तें कधींच सांगितलें नसतें.

दुकानांतील मोरचूदच तपासावयाचा असल्यास पिंपाकडे न जातां, त्यांतील दहा ग्रॅम तोलून लिटरभर शुद्ध पाण्यांत विरघळवावा व थेट प्रमाण-द्रावणाशीं ताडून पाहावा. साडेबारा सेंटिमीटरांवर जुळला तर शंभर भागांत खरा मोरचूद ऐंशी भाग. भेसळ रंगहीन मिठाची असली तरी ही परीक्षा तिला पकडते, कारण ती केवळ तांब्याचाच हिशेब धरते. कित्येक जण पाण्याचा जडपणा पाहणारा तरंगता काटा वापरतात. त्या काट्यास मात्र स्वस्त मीठहि मोरचुदाइतकेंच मान्य होतें, म्हणून भेसळीच्या कामीं तो निरुपयोगी आहे. भेसळ हिराकशीची असली तर आणखी एक खूण दिसते. तांबडा कागद काढून पाहिलें असतां, उंची कितीहि कमीअधिक केली तरी छटाच जुळत नाहीं. तपासणीच्या नळींत हिरवट-पिवळी झांक राहते. छटा जुळत नसेल तर आंकडा काढण्याच्या भानगडींत पडूंच नये. तो मोरचूद परत करावा.

मात्र हिरवट झांक दिसली कीं लगेच दुकानदाराचा गळा धरूं नये, कारण आपल्या या भागांत तसें दिसण्याचें दुसरेंहि कारण आहे. नीरा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागल्यानंतर खालच्या जमिनी कशा खारवटत गेल्या, हें डॉ. हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांनीं १९१० सालींच लिहून ठेविलें आहे. अनेक विहिरींचें पाणी जड व अल्कधर्मी आहे. अशा पाण्यांत मोरचूद टाकिला कीं थोडें तांबें हिरवट-निळ्या गाळाच्या रूपानें बाहेर पडतें व पाणी गढूळ होतें. विहिरीचें पाणी फार जड असल्यास दर लिटरामागें सुमारें ग्रॅमभर मोरचूद असा गाळांत जातो. दहा टक्क्यांच्या साठ्यांत ही तूट शंभरांत एक, म्हणजे नगण्य. पण तपासणीसाठीं पातळ करतांना तेंच पाणी वापरिलें तर तूट शंभरांत दहापर्यंत जाईल, आणि गढूळपणामुळें नळी खोटीच काळी दिसेल ती गोष्ट वेगळीच. म्हणून पातळ करण्यास पावसाचें किंवा बॅटरीचें शुद्ध पाणीच घ्यावें, असें आम्हीं वर सांगितलें. साठ्याचें पाणीच गढूळ असलें, तर घेतलेल्या नमुन्यांत सौम्य गंधकाम्लाचे दोनतीन थेंब टाकावे. गाळ विरघळून पाणी निवळतें व त्यांतील तांबें हिशेबांत येतें. लिंबाचा रस मात्र या कामीं घेऊं नये, आणि संडास धुण्याचें ॲसिडहि नको. तांबें त्यांच्याशीं निराळ्या जोड्या करतें व रंगच बदलतो. अम्ल घालावयाचें तें नमुन्यांत. पिंपांत नव्हे, कारण तेथें त्याचा भार चुन्यावर पडेल.

तसेंच साठा किंवा प्रमाण-द्रावण लोखंडी वा जस्ती भांड्यांत कधींहि करूं नये. बादलीच्या अंगावर तांबूस लेप चढतो तो आपलाच मोरचूद असतो, आणि त्याच्या बदल्यांत लोखंड किंवा जस्त पाण्यांत उतरतें. सुरीच्या परीक्षेंत जें घडतें तेंच येथें मोठ्या प्रमाणावर घडतें, व मग हिराकशीची भेसळ झाल्याचा भास होतो.

या नळ्यांस मर्यादाहि आहेत, आणि त्या नीट समजून घेतल्या नाहींत तर फसगत होईल. चुना मिसळल्यावर तांबें विरघळलेलें राहत नाहीं. तें निळ्या गाळासारखें तरंगतें. तयार बोर्डो मिश्रण नळींत घालून निळेपणा पाहणें म्हणजे दुधांतून तळ पाहण्यासारखें आहे. पंपांत भरलेल्या मिश्रणाची ताकद या रीतीनें काढतां येत नाहीं. परीक्षा व्हावयाची ती चुना पडण्यापूर्वींच. बाजारांत जीं तांब्याचीं तयार भुकटीचीं औषधें मिळतात, तीं पाण्यांत विरघळत नसल्यामुळें त्यांसहि ही परीक्षा लागू नाहीं. आणि नळीची परीक्षा झाली म्हणून सुरी कोपऱ्यांत टाकूं नये. नळी ताकद सांगते, चुना पुरला कीं नाहीं तें सांगत नाहीं.

तरुण मंडळींपैकीं कोणी विचारतील, कीं डोळ्यांची परीक्षा हवीच कशाला. मोबाईलवर उजेड मोजण्याची सोय आहे, तांबडा दिवा नळीखालीं ठेवून वरून मोजला म्हणजे झालें. त्यास आमची हरकत नाहीं, पण तेथें त्रैराशिक चालत नाहीं. समजा, दहा सेंटिमीटर साध्या पाण्यांतून उजेडाचा आंकडा ४०० आला, एक टक्क्याच्या प्रमाण-द्रावणांतून १००, आणि तपासणीच्या पाण्यांतून १४१. १०० व १४१ यांचें प्रमाण मांडून ताकद ०·७१ काढणारा चुकतो. येथें उजेड कितीपट घटला त्याचा लॉगरिथम घ्यावा लागतो : ४०० ची १०० वर घट चौपट, तिचा लॉगरिथम ०·६०२, ४०० ची १४१ वर घट, तिचा ०·४५३, आणि दुसऱ्यास पहिल्यानें भागून खरी ताकद येते ०·७५. शिवाय मोजणी चालू असतां दिव्याचा उजेड तसूभरहि कमीजास्त होतां कामा नये, व बाहेरचा प्रकाश आंत येतां कामा नये. दोन नळ्यांच्या रीतींत उजेड मंदावला तरी तो दोन्हीकडे सारखाच मंदावतो, आणि हिशेब एका भागाकारांत आटोपतो. बांधावर, ढगांच्या दिवसांत, चिखलाच्या हातांनीं करावयाच्या कामास आम्ही म्हणूनच डोळ्यांची रीत पसंत करतों.

प्रश्न राहतो तो प्रमाण-द्रावण कोणी करावयाचें हा. प्रत्येक बागाईतदारानें सराफाकडे जाऊन दहा ग्रॅम तोलावे अशी अपेक्षा करणें व्यवहाराचें नाहीं, आणि प्रत्येकानें आपापलें केल्यास दहा घरीं दहा तऱ्हेचें एक टक्का होईल. आमच्या मतें हें काम संघाच्या गांवोगांवच्या शाखांनीं अंगावर घ्यावें. बहाराच्या आधीं एका जाणत्या हातानें एकाच वेळीं पांचदहा लिटर द्रावण करावें, लिटर लिटरच्या बाटल्यांत भरून तारीख घालावी, व प्रत्येक शाखेंत एक बाटली आणि दोन जुळलेल्या नळ्या ठेवाव्या. पूर्वीच्या बाटलींतील द्रावण नव्याशीं त्याच नळ्यांत ताडून पाहिलें म्हणजे जुनें टिकलें कीं नाहीं हेंहि कळेल. वापरलेलें पाणी ओढ्यांत किंवा शेततळ्यांत ओतूं नये, माशांस तें फार बाधक आहे. साठ्याच्याच पिंपांत परत टाकावें, कारण दोनशे लिटरांत शंभर-दोनशे मिलिलिटर पातळ पाणी पडल्यानें हिशेबास धक्का लागत नाहीं. दुकानदारांशीं होणाऱ्या वादांतहि ही बाटली साक्ष म्हणून पुढें ठेवतां येईल. मात्र त्या वेळीं नळ्या जुळविण्याचें काम वाद घालणाऱ्या दोघांखेरीज तिसऱ्याच माणसाकडे द्यावें, आणि कोणत्या नळींत काय आहे हें त्यास अगोदर सांगूं नये.